तिसरा रकाना

आमच्याकडे एमएस्सीला येणारी बरीचशी मुलं मंगळवेढा, बार्शी, करमाळा या पट्ट्यातली असतात. घरी रब्बी ज्वारी असते, तीही बहुतेक मालदांडीच. पेरणी, कोळपणी, राखण, काढणी हे सगळं त्यांनी लहानपणापासून हातानं केलेलं असतं. आणि याच मुलांच्या हातात रब्बी ज्वारीवरचा इंग्रजी शोधनिबंध दिला की ती दोन पानांत गळपटतात. मी कृषिविद्या शिकवते, विद्यार्थ्यांचे प्रयोग प्रक्षेत्रावर लावून देते, त्यामुळे हे दरवर्षी पाहते. मुलांचं इंग्रजी कच्चं असतं हे खरं, पण अडचणीचं मूळ तिथं नाही. शब्द शोधून अर्थ लिहून घेतल्यावरसुद्धा निबंध डोक्यात शिरत नाही. खरी अडचण तिथून सुरू होते.

अर्थ लिहून घ्यायची प्रत्येकाची वही असते. मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. हॅरोइंग म्हणजे कुळवणी, थिनिंग म्हणजे विरळणी, स्टोव्हर म्हणजे कडबा, बूट स्टेज म्हणजे पोटरी, फील्ड कपॅसिटी म्हणजे वाफसा. पानंच्या पानं भरलेली असतात आणि वरवर पाहता चूक कुठंच दिसत नाही. मी त्या वहीत तिसरा रकाना आखायला लावते. त्याच्या डोक्यावर लिहायचं: हे ठरवलं कसं? म्हणजे निबंध लिहिणाऱ्यानं ते कशानं मोजलं, कोणत्या खुणेवरून ओळखलं, आणि आपल्या शेतात तीच गोष्ट कोण कशावरून सांगतो. हा रकाना भरायला बसलं की उजवीकडचे निम्मे शब्द डळमळायला लागतात.

सगळेच डळमळत नाहीत. विरळणीला काही अडत नाही. निबंधात दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर असं अंतर असतं, त्यावरून हेक्टरी साधारण १ लाख ४८ हजार ताटं बसतात. बियाणं हेक्टरी १० किलो. हजार दाण्यांचं वजन ३५ ग्रॅम धरलं तर १० किलोत २ लाख ८५ हजारांच्या आसपास दाणे येतात. म्हणजे सगळं उगवलं आणि खोडमाशीनं काही नेलं नाही, तर जवळजवळ निम्मी रोपं उपटायची. हा हिशेब रकान्यात मांडला की थिनिंग आणि विरळणी एकच ठरतात आणि पुढं जाता येतं. पोंगेमरही तसाच. निबंधातलं डेड हार्ट म्हणजे खोडमाशीच्या अळीनं वाढीचा कोंब कुरतडून वाळलेला पोंगा. ओढला की सुळ्ळकन हातात येतो, बुडाशी कुजका वास असतो. हे मुलांना सांगावं लागत नाही.

वाफशाचं मात्र तसं नाही. मंगळवेढ्याकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे पेरणीच्या वेळची ओल आणि पुढचं संरक्षित पाणी यावर प्रयोग करत होता. आराखड्यात त्यानं एका उपचाराचं नाव लिहिलं होतं, ‘फील्ड कपॅसिटीला पेरणी’. म्हणायचं होतं वाफशावर पेरणी. निबंधांत सगळीकडे फील्ड कपॅसिटी, वहीत तिच्यासमोर वाफसा, मग शंका यायचं कारणच काय?

फील्ड कपॅसिटी म्हणजे भरपूर भिजलेल्या जमिनीतून जादा पाणी खाली निघून गेल्यावर माती स्वतःच्या ताकदीनं जेवढं धरून ठेवते ते. प्रयोगशाळेत ती प्रेशर प्लेटवर एक तृतीयांश बार दाबाला काढतात. शेतात काढायची तर वाफ्यात पाणी तुंबवायचं, बाष्पीभवन होऊ नये म्हणून वर झाकण घालायचं आणि निचरा मंदावला की नमुने घ्यायचे. हलक्या जमिनीत हे दोनेक दिवसांत होतं, आमच्या काळ्या भारी जमिनीत आणखी वेळ लागतो, कारण तिचा निचरा कधी पुरता थांबतच नाही. आमच्या त्या शेताचा प्रयोगशाळेतला आकडा ३६ टक्के होता, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या मातीमागं ३६ ग्रॅम पाणी.

आता वाफसा. पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी आम्ही शेतात गेलो. प्रक्षेत्रावरचे मुकादम बरोबर होते, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. विद्यार्थ्यानं वरच्या पंधरा सेंटिमीटरमधून नमुना काढला आणि आप्पांना विचारलं, उद्या पाभर धरायची का? आप्पांनी बांधाजवळच्या सरीत हात घातला, मूठभर माती उचलली आणि तिची गोळी केली. गोळी चकचकीत झाली, बोटांना चिकटली. ती त्यांनी कमरेच्या उंचीवरून सोडली तर नुसती चपटी होऊन पडली. “अजून दोन ऊन खाऊ द्या,” ते म्हणाले. “आता धरली तर फण लडबडतील आणि नळ्या बुजतील.” त्या नमुन्याची माती ओली असताना १४२ ग्रॅम भरली, १०५ अंशावर भट्टीत वाळवल्यावर १०६.८ ग्रॅम. म्हणजे ओल ३३ टक्के. फील्ड कपॅसिटीच्याही खाली आणि तरी वाफसा नाही.

पुढच्या वेळी गोळी झाली, पण चकाकी नव्हती. सोडल्यावर तिचे चार-पाच तुकडे झाले आणि त्या तुकड्यांचाही बोटानं भुगा होत होता. आप्पांनी फक्त मान हलवली. त्या दिवशीचा नमुना १३७.६ ग्रॅमचा, वाळून १०७.५ ग्रॅम. ओल २८ टक्के. आम्ही त्याच मातीची हातावर वळी करून पाहिली. तीन मिलिमीटर जाडीपर्यंत यायच्या आतच तिला चिरा पडायला लागल्या. हीच मृदाशास्त्रातल्या प्लॅस्टिक लिमिटची चाचणी: तीन मिलिमीटरची वळी जिथं तुटायला लागते तो ओलाव्याचा आकडा. मशागतीला सगळ्यात योग्य ओल या मर्यादेच्या जरा खाली असते असं मातीच्या भौतिकीवर लिहिणारे सांगतात, आणि आप्पांची गोळी नेमकी तिथंच फुटली होती. म्हणजे वाफशाचा खरा शेजारी इंग्रजीत शोधायचा तर तो पाणी देण्याच्या प्रकरणात सापडत नाही, मशागतीच्या प्रकरणात सापडतो. फील्ड कपॅसिटी झाडाला किती पाणी उरलंय ते सांगते. वाफसा सांगतो की आता अवजार चालेल आणि बी गुदमरणार नाही.

गुदमरण्याचाही हिशेब आम्ही मांडला, कारण पिकांच्या माहितीपत्रकांत वाफशाची एक व्याख्या फार फिरते: मातीच्या पोकळीत निम्मं पाणी, निम्मी हवा. ऐकायला छान आहे. आमच्या मातीची घनता साधारण १.२५ धरली तर एकूण पोकळी ५३ टक्के येते. २८ टक्के वजनी ओलीचं आकारमान होतं ३५ टक्के, म्हणजे हवेला उरले १८. पाणी दोन वाटे, हवा एक वाटा. ३३ टक्क्यांना हवा जेमतेम १२ टक्के उरते आणि फील्ड कपॅसिटीला ८. हवा दहा टक्क्यांच्या खाली गेली की मुळांची आणि अंकुराची कुचंबणा सुरू होते असा ठोकताळा आहे, त्यावरून ‘फील्ड कपॅसिटीला पेरणी’ या उपचाराचं काय झालं असतं ते दिसतं. काळी माती सुकताना आकसते, तिची घनता ओलीबरोबर बदलते, त्यामुळे हे आकडे अदमासाचेच. पण निम्मं-निम्मं हे भारी काळ्या जमिनीत पेरणीच्या वेळी होत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. तोवर वाट पाहिली तर वरची दोन-तीन इंच माती कोरडी होते, ढेकळं निघतात आणि बी कोरड्यात पडतं.

त्यानं उपचाराचं नाव बदललं आणि व्याख्येत वजनी ओलीचा पट्टा, नमुन्याची खोली आणि वळीची चाचणी तिन्ही लिहिली. वाफसा हा शब्द त्यानं इंग्रजी प्रबंधात रोमन लिपीत तसाच ठेवला. मला ते पटलं. एका शब्दात बसणारा पर्याय नसेल तर व्याख्या देऊन मूळ शब्द वापरावा, ही शास्त्रातली जुनीच रीत आहे. हुरड्यावरच्या इंग्रजी निबंधांतही हुरडाच लिहितात.

याच्या जवळचा आणखी एक बोल आहे, ओलीला ओल मिळाली. वरून पावसाची ओल खाली उतरते, खाली आधीची ओल असते, मध्ये कोरडा थर उरला तर रब्बीचं काही खरं नाही. दोन्ही भिडल्या की शेतकरी निर्धास्त होतो. निबंधात हे प्रोफाइल रिचार्ज म्हणून येतं आणि ते तपासायला गिरमिट घेऊन थराथरानं ९० सेंटिमीटरपर्यंत नमुने काढावे लागतात. इथं मात्र दोन्ही भाषा एकच गोष्ट पाहतात, फक्त एकीला खालचं आकड्यांत हवं असतं. कोरडवाहू ज्वारी सगळं पीक साठवलेल्या ओलीवर काढते, तेव्हा हा आकडा निबंधात दिलेला नसेल तर बाकीचे निष्कर्ष मी जरा सांभाळूनच वाचते.

तारखांचं प्रकरण थोडक्यात. निबंधात पेरणी ३९ व्या हवामान आठवड्यात असते, घरी हस्तात. ३९ वा आठवडा २४ ते ३० सप्टेंबर, ४० वा १ ते ७ ऑक्टोबर, आणि हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास लागतं ते १० ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे एका नक्षत्रात जवळजवळ दोन आठवडे. उत्तरेच्या पेरणीला खोडमाशीचा त्रास जास्त आणि हस्त सरून पेरलं तर ओल कमी पडते, हे घरी सगळ्यांना ठाऊक असतं. तेच निबंधात तक्ता होऊन येतं आणि मुलं त्याकडं अनोळखी पाहुण्यासारखं बघतात. भिंतीवरच्या कालदर्शिकेत नक्षत्रांशेजारी आठवड्यांचे आकडे लिहून टाकले की काम भागतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो पिकाच्या अवस्थांवर. रब्बी ज्वारीला संरक्षित पाणी द्यायचं तर चार वेळा शिफारशीत येतात: गर्भावस्थेत २८ ते ३० दिवसांनी, पोटरीत ५० ते ५५ दिवसांनी, फुलोऱ्यात ७० ते ७५ दिवसांनी आणि दाणे भरताना ९० ते ९५ दिवसांनी. एकच पाणी असेल तर कधी द्यायचं, दोन असतील तर कोणती, यावरच त्या मुलाचा प्रयोग होता. संदर्भ म्हणून त्यानं व्हॅंडरलिप आणि रीव्हज यांचा १९७२ चा निबंध घेतला. कॅन्ससमधल्या या दोघांनी ज्वारीच्या वाढीच्या शून्य ते नऊ अशा दहा अवस्था ठरवल्या आणि जगभरचे ज्वारीवाले आजही त्याच आकड्यांत बोलतात. त्यात पाचवी अवस्था बूट, सहावी हाफ ब्लूम, सातवी सॉफ्ट डो. प्रत्येकीसमोर दिवसही दिलेले. बूट पन्नासाव्या दिवशी, हाफ ब्लूम साठाव्या, परिपक्वता पंच्याण्णवाव्या.

पोरगा चक्रावला. पोटरीचे दिवस जुळत होते, फुलोऱ्याचे जुळत नव्हते. आमच्याकडे फुलोरा सत्तरी ओलांडून येतो आणि मालदांडी पक्व व्हायला एकशेपंधरा-वीस दिवस लागतात. मग कुठलं धरायचं?

दिवस धरायचेच नाहीत. ते दिवस कॅन्ससच्या उन्हाळ्यातल्या एका संकरित वाणाचे आहेत. आमची ज्वारी उतरत्या दिवसांत आणि डिसेंबरच्या थंड रात्रींत वाढते. शिवाय व्हॅंडरलिपचे दिवस उगवणीपासून मोजलेले आहेत, आमच्या शिफारशीतले पेरणीपासून, आणि ओल व थंडी पाहून या दोन्हींत चार ते सहा दिवसांचं अंतर पडतं. निबंध वाचताना दिवसांच्या आकड्यापुढं कोणती आद्याक्षरं आहेत, पेरणीनंतरची की उगवणीनंतरची, हे आधी पाहायचं. अवस्था मात्र ताटावर दिसते, आणि तीच दोन्ही भाषांना जोडते.

गर्भावस्था बाहेरून दिसत नाही. म्हणून आम्ही महिन्याच्या पिकातलं एक ताट बुडातून काढलं, पानं एकेक सोडवली आणि ब्लेडनं खोड उभं चिरलं. आत बुडाशी वाढीचा कोंब असतो. आठवडाभर आधी तो नुसता गुळगुळीत टोक असतो. आता भिंगाखाली त्यावर बारीक बारीक उंचवटे आले होते, आणि तो जमिनीच्या पातळीच्या वर सरकला होता. ते उंचवटे म्हणजे पुढचं कणीस. कणसात किती दाणे बसू शकतील याचा साचा इथं ठरायला लागतो, म्हणून या वेळी ओल तुटली तर पुढं कितीही पाणी दिलं तरी ती भरपाई पुरी होत नाही. व्हॅंडरलिपच्या यादीत ही तिसरी अवस्था, ग्रोइंग पॉइंट डिफरन्सिएशन. चिरून बघेपर्यंत त्या मुलाच्या वहीत तिच्यासमोर मराठी रकाना कोरा होता, आणि दुसऱ्या पानावर गर्भावस्थेसमोर इंग्रजी रकाना कोरा होता. ज्यानं कोणी खोडात कणीस वाढताना गर्भ हा शब्द योजला, त्यानंही कधीतरी ताट चिरून पाहिलंच असणार.

पोटरी आणि बूट यांत घोळ नाही. शेवटच्या पानाचा देठ फुगतो, आत कणीस चाचपता येतं. घोळ होतो त्यानंतर. कणीस पानाच्या देठातून बाहेर पडलं की शेतकरी म्हणतो, ज्वारी निसवली. पन्नास टक्के फ्लॉवरिंगच्या रकान्यात मुलं निसवल्याची तारीख टाकून मोकळी होतात. पण निसवलेलं कणीस अजून फुललेलं नसतं. फुलोरा कणसाच्या शेंड्यापासून सुरू होतो आणि खाली उतरतो, एका कणसाला त्यात आठवडाभर सहज जातो. पिवळे परागकोश बाहेर लोंबताना दिसले की ते फुललं. निबंधात पन्नास टक्के फ्लॉवरिंग म्हणजे वाफ्यातल्या निम्म्या ताटांवर ही खूण दिसल्याचा दिवस. निसवल्याची तारीख टाकली तर वाण आहे त्यापेक्षा लवकरचा वाटतो, आणि ज्या वाफ्यात ओल तुटलेली असते तिथं कणीस देठात अडकून अर्धंच बाहेर येतं, तिथं तर हा फरक उलटसुलट होतो. म्हणून मी सकाळी ऊन चढायच्या आत खुणेची ताटं पाहायला पाठवते. तेव्हा ताजे परागकोश ओळखू येतात, दुपारपर्यंत सुकून तांबूस होतात.

हुरड्याला तपासायची गरज काय, असं मुलांना वाटतं. हुरडा माहीत नसलेला सोलापूरकर शोधून सापडायचा नाही. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळायची, वर शेंगदाण्याची चटणी घ्यायची. गूळभेंडी, सुरती हे हुरड्याचेच वाण, आणि राहुरीच्या विद्यापीठानं फुले उत्तरा, फुले मधुर खास हुरड्यासाठी काढले. पण सॉफ्ट डो ही अवस्था ठरवायची ती नखानं. दाणा दाबला तर दूध जवळजवळ येत नाही, पिठाळ लगदा येतो. दूध उडालं तर अजून आधीची अवस्था आहे. नख रुतलंच नाही तर हार्ड डोकडे वाटचाल सुरू झाली. खाणारे मात्र दुधाळ दाण्यापासूनच सुरुवात करतात आणि जरा टणक झाला तरी सोडत नाहीत. म्हणजे घरचा हुरडा पंधरवडाभर चालतो आणि निबंधातली सॉफ्ट डो त्यातल्या काही दिवसांची. हे अंतर महत्त्वाचं, कारण सॉफ्ट डोला दाण्याचं सुकं वजन अंतिम वजनाच्या साधारण निम्मं असतं आणि हार्ड डोला पाऊण. दाणे भरतानाचं पाणी हुरड्यात दिलं असं लिहिलं, तर हुरड्याच्या सुरुवातीला की अखेरीला, हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं. त्या मुलानं नखाची खूण लिहिली. शेवटची परिपक्वतेची खूण तर सोपीच, दाणा बोंडातून काढून उलटा करायचा, बुडाशी काळा ठिपका दिसला की त्यात आणखी काही भरत नाही.

अवजारांच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. इंग्रजी निबंधात हॅरोइंग करण्यात आलं, इंटरकल्टिव्हेशन करण्यात आलं, असं लिहितात. कोणी केलं, कशानं केलं ते वाक्यात नसतंच. अमेरिकी निबंधातला हॅरो बहुतेक वेळा तव्यांचा, तो माती कापून उलथतो. आमचा कुळव, विदर्भात त्याला वखर म्हणतात, त्याची आडवी पास मातीखालून सरकते, तणाची मुळं कापते आणि वरचा थर तिथंच ठेवते. ओल राखायला हा फरक फार मोठा आहे. आमच्याकडच्या जुन्या निबंधांत त्याला ब्लेड हॅरो असं नीट नाव दिलेलं असे, अलीकडं ते गळायला लागलंय. कोळपणीचं तर त्याहून वाईट. शिफारशीत तीन कोळपण्या वेगवेगळ्या अवजारांनी आहेत: पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं, कारण तोवर जमीन कडक होऊन भेगाळायला लागलेली असते आणि दातेरीनं त्या भेगा बुजतात. इंग्रजीत या तिन्हींचं मिळून थ्री हॅंड हूइंग्ज एवढंच उरतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात, ते दातेरीला जास्त लागू आहे. हाताच्या खुरप्यानं ते होत नाही. मराठीतून इंग्रजीत जाताना जे हरवतं ते परत लिहायला मी मुलांना भाग पाडते, मग वाक्य लांबलं तरी चालेल.

उरला कडबा. स्टोव्हर म्हणजे कडबा, हे वहीतलं सगळ्यात बिनधोक समीकरण वाटतं. तिसऱ्या रकान्यात काढणी कशी केली एवढा प्रश्न आला आणि पंचाईत झाली. निबंधात ताटं जमिनीलगत कापतात. आमच्याकडे रब्बी ज्वारी उपटून काढतात. काळ्या भेगाळलेल्या रानातून ताट मुळासकट निघतं, मग पेंढ्या बांधतात, कणसं मोडतात, कडब्याचा बुडखा तसाच राहतो, मातीच्या गोळ्यासकट. खडखड्यानं बुडातून पोकळ झालेली ताटं उपटताना मोडतात ती वेगळीच.

आता हार्वेस्ट इंडेक्स काढायचा म्हणजे धान्याला धान्य अधिक कडब्यानं भागायचं. हेक्टरी धान्य १२०० किलो आणि कापलेला कडबा ३६०० किलो असेल तर उत्तर २५ टक्के. त्याच पिकाच्या बुडख्यांचं आणि मातीचं वजन ३०० किलो भरलं, तर तोच वाण साडेतेवीस टक्क्यांवर येतो. दीड टक्क्याच्या फरकावर वाण सरस की निरस ठरवणारे तक्ते मी पाहिले आहेत. त्यात पुन्हा शेतात उन्हात वाळलेला कडबा आणि भट्टीत वाळवलेला कडबा यांच्या वजनात ओलीचा फरक असतो, आणि तो फरक थंडीत पहाटे तोललं की दुपारी तोललं यावरही हलतो.

त्या मुलानं प्रत्येक वाफ्यातल्या ताटांचे बुडखे पहिल्या पेरापाशी तोडून बाजूला काढले, कडबा दुपारी तोलला, आणि वाफ्यागणिक काही ताटं बारीक तुकडे करून भट्टीत वाळवून ओलीची वजावट केली. आप्पांना हा सगळा उपद्व्याप वाटला. “बुडखा तोडलेली पेंढी गुरांना घालायला बरी,” एवढं मात्र ते म्हणाले. चर्चेच्या प्रकरणासाठी दुसऱ्यांचे हार्वेस्ट इंडेक्स गोळा करताना त्यानं प्रत्येक निबंधात काढणीचं वाक्य शोधलं. ज्यांत ताटं कापली की उपटली हे लिहिलेलंच नव्हतं, ते तुलनेच्या तक्त्यातून काढून टाकले. तक्ता निम्म्याहून लहान झाला. मार्गदर्शक समितीतल्या एकांनी विचारलं, संदर्भ एवढे कमी का? त्यानं वही उघडून तिसरा रकाना पुढं केला.